निबंध यंत्रानं लिहिलाय का? झिप करून बघण्याची रीत, पायरीपायरीनं

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयातर्फे दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची निबंध स्पर्धा असते. निकाल १७ सप्टेंबरला, झेंडावंदनानंतर. पूर्वी फुलस्केप कागदांचा गठ्ठा यायचा, आता बहुतेक मुलं मोबाईलवर टाईप करून पाठवतात. २०२३ साली निबंध तपासायला बसलो तेव्हा आम्हा तिघा परीक्षकांना एकच गोष्ट खटकत होती. पंधरा-वीस निबंध वाचून झाल्यावर पुढच्या निबंधातली पुढची ओळ पान न उलटता सांगता यायला लागली होती. शुद्धलेखन चोख, परिच्छेद सारखे, आणि आश्चर्य म्हणून काही नाही.

यंत्रानं, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनानं, लिहिलेला मजकूर ओळखून देतो म्हणणारी संकेतस्थळं आम्ही चाळली. ती बहुतेक इंग्रजीवर बेतलेली, आणि मुलांचे निबंध परक्या ठिकाणी चढवायचेही जिवावर आलं. मग भाच्यानं सांगितलं, "मावशी, झिप करून बघ." तिथून सुरुवात झाली. दोन वर्षं चुका करून जी रीत हाताशी लागली ती इथं क्रमानं मांडते. तुम्ही शाळेत, ग्रंथालयात किंवा दिवाळी अंकाच्या संपादनात असाल आणि संगणकाची जुजबी ओळख असेल, तर एका दुपारचं काम आहे.

## १. आधी कल्पना समजून घ्या

हे वाक्य पुरं करा: "१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या…" पुढे "जोखडातून", "राजवटीतून", "जुलमी" यांपैकीच काहीतरी येणार. आता हे बघा: "त्या रात्री आज्यानं पेवाच्या तोंडावर…" काय येईल? एका मुलीनं लिहिलं होतं, "शेणकाला फासला आणि वर म्हैस बांधली." रझाकारांच्या हाती ज्वारी लागू नये म्हणून. हा अंदाज कुणालाच बांधता आला नसता.

पुढच्या शब्दाचं हे "आश्चर्य" मोजण्याचं माप अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९४८ सालीच दिलं, आमच्या निबंधाचा विषय घडत होता त्याच वर्षी. माप असं: दोन सारख्याच शक्यता असतील तर कोणती खरी ते सांगायला १ बिट लागतो, आठ असतील तर ३ बिट, चौसष्ट असतील तर ६. मजकुरात सरासरी किती बिट आश्चर्य आहे, ती त्याची एन्ट्रॉपी. शॅनननं १९५१ मध्ये माणसांना इंग्रजी मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला लावलं. मागची शंभरेक अक्षरं माहीत असतील तर एका अक्षरामागे साधारण ०.६ ते १.३ बिटच उरतात, असा अंदाज त्यानं काढला. म्हणजे माणसाची भाषाही बऱ्यापैकी ठरलेली असते. प्रश्न फक्त जास्त ठरलेली कुणाची, एवढाच.

भाषेचं मॉडेल, म्हणजे अशा साधनाच्या आतलं लिहिणारं यंत्र, प्रत्येक पायरीला जास्त संभव असलेल्या शब्दांतूनच निवड करतं. त्यामुळे त्याच्या लिखाणात आश्चर्य एकसारखं कमी राहतं. माणसाचं आश्चर्य वरखाली होतं: चार ठरीव वाक्यं, मग एकदम म्हैस.

हे मोजायला खरं तर दुसरं मोठं मॉडेल लागतं, पण झिप हा त्याचा गरिबाघरचा पर्याय आहे. फाइल लहान करणारा प्रोग्रॅम मजकूर वाचत जातो आणि आधी आलेला तुकडा पुन्हा दिसला की तो लिहीत नाही. "मागे इतकी अक्षरं जा, तिथून इतकी उचल" एवढीच खूण ठेवतो. ही युक्ती लेम्पेल आणि झिव या संशोधकांची, १९७७ सालची. जीझिप हा झिप करणारा प्रोग्रॅम आजही त्यावरच चालतो. मजकूर जितका अपेक्षित तितकी फाइल लहान.

पण एक गोष्ट मनात पक्की धरा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: झिपला मराठी येत नाही. "निजामाच्या" नंतर "जोखडातून" येतं हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. त्याला तेवढंच अपेक्षित वाटतं जे त्याच्या नजरेखालून आधी गेलंय.

## २. काय काय लागेल

- कुठलाही साधा लॅपटॉप, त्यावर पायथन ३. लागणारं सगळं पायथनसोबतच येतं. इंटरनेट नसलं तरी चालतं, आमच्याकडे वीज गेली तेव्हा बॅटरीवरही चाललं.
- तपासायचे निबंध, प्रत्येक वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८ मध्ये जतन केलेले.
- माणसानंच लिहिलेत याची खात्री असलेले, त्याच विषयावरचे, त्याच वयाच्या मुलांचे निबंध. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं, म्हणून आम्ही २०१९ पर्यंतचे हाताने लिहिलेले कागद कपाटातून काढले. किमान तीस हवेत, सत्तर मिळाले तर उत्तम.
- त्याच विषयावर यंत्राकडून तुम्ही स्वतः लिहवून घेतलेले पंधरा-वीस निबंध.
- एक वही. कुठली फाइल कुठल्या ढिगात गेली ते लिहून ठेवायला.

जुने निबंध टाईप करून घेताना टंकलेखकाला बजावून सांगा की चुका जशाच्या तशा ठेवायच्या. आमच्या पहिल्या टंकलेखक बाईंनी प्रेमानं सगळं शुद्धलेखन सुधारून दिलं आणि पूर्ण गठ्ठा पुन्हा करावा लागला. डीटीपीच्या दुकानातून आलेली फाइल असेल तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नाही ना, ते बघा. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं असतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

## ३. मजकूर धुऊन घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच सगळ्यात जास्त फसवते. "शेतकऱ्यांनी" हा शब्द दोन पद्धतींनी टाईप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा स्वतंत्र "ऱ" वापरतात, तर काही साधा "र", हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, झिपला मात्र ते दोन वेगळे शब्द. मराठवाड्याच्या निबंधात शेतकरी किती वेळा येतो ते तुम्ही जाणताच. "ॲ" चंही तसंच. शिवाय १७ आणि इंग्रजी आकड्यांतला सतरा, सरळ आणि वाकडी अवतरणचिन्हं. यंत्राचा मजकूर बहुधा एकाच पद्धतीनं येतो आणि मुलांचे मोबाईल दहा पद्धतींचे, म्हणून धुतलं नाही तर तुम्ही लेखक मोजत नसून कीबोर्ड मोजत असता.

दुसरी अडचण देवनागरीची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट खातं, आणि त्यांतला पहिला बाइट कायम तोच असतो. जीझिप मागे बघतं ते फक्त ३२,७६८ बाइटपर्यंत. इंग्रजीला त्यात तेवढीच अक्षरं मावतात, आपल्याला जेमतेम अकरा-बारा हजार. सुदैवानं युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ पट्ट्यात बरोबर १२८ जागा आहेत, त्यामुळे प्रत्येक चिन्हाला एकच बाइट देता येतो. जुन्या इस्की संकेतातही एका अक्षराला एकच बाइट होता, तीच तऱ्हा.

```python
import re, unicodedata, zlib

def saaf(s):
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u200d\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = re.sub("[\u200b-\u200d\ufeff]", "", s)
    s = re.sub("[\u201c\u201d]", '"', s)
    s = re.sub("[\u2018\u2019]", "'", s)
    s = re.sub("[\u2013\u2014]", "-", s)
    s = re.sub(r"\d", lambda m: str(int(m.group())), s)
    return re.sub(r"\s+", " ", s).strip()

def ekbyte(s):
    return bytes(ord(c) - 0x0900 + 0x80 if 0x0900 <= ord(c) <= 0x097F
                 else ord(c) if ord(c) < 0x80 else 63 for c in s)
```

पहिली ओळ ऱ्याची, दुसरी-तिसरी ॲची. क्रम बदलू नका. न दिसणारी जोडचिन्हं आधीच काढून टाकलीत, तर "शेतकऱ्या" चा "शेतकर्या" होऊन बसतो.

## ४. नुसतं झिप करून निकाल लावू नका

मी आधी हेच केलं होतं. प्रत्येक निबंध झिप केला, मूळ आकाराला झिपच्या आकारानं भागलं, आणि ज्यांची फाइल सगळ्यात जास्त आवळली गेली त्यांची यादी काढली. यादीत सगळ्यात वर कोण आलं? सगळ्यात लांब निबंध. नऊ पानं हातानं लिहून मग टाईप केलेला, मुलाची वही मी डोळ्यांनी पाहिलेली.

कारण साधं आहे. निबंधाच्या सुरुवातीला झिपला सगळंच नवीन असतं. मागे काही नाही, तर उचलणार कुठून? जसजसा मजकूर वाढतो तसतसे जुने तुकडे सापडत जातात. त्यामुळे लांब मजकूर नेहमीच जास्त आवळतो, मग लिहिणारा कुणीही असो. वेगवेगळ्या लांबीच्या निबंधांची तुलना म्हणजे पोत्याचं वजन न करता किती पोती झाली ते मोजणं.

मग सगळ्यांची पहिली दोनच हजार अक्षरं घेतली, मात्रा आणि मोकळ्या जागा धरून, म्हणजे अंदाजे तीनशे शब्द. तेव्हा वर आला एक पोवाडा. एका पोरानं निबंधाऐवजी पोवाडाच लिहून पाठवला होता आणि दर चौथ्या ओळीला "जी जी रं जी जी" होतं. त्याच्याखाली आठवीतल्या मुलीचा निबंध, ज्यात प्रत्येक वाक्य "आणि मग" ने सुरू होत होतं.

यंत्राचे नमुने मात्र यादीच्या मधोमध पसरलेले होते. तेव्हा कुठं उमगलं: एकट्या निबंधाचं झिप फक्त एवढंच सांगतं की तो निबंध *स्वतःशी* किती सारखा आहे. यंत्र स्वतःची वाक्यं जशीच्या तशी फारशी पुन्हा म्हणत नाही, त्याचा शब्दसाठा मोठा आहे. ते सारखं असतं ते *इतर यंत्रलिखित निबंधांशी*. शब्द मोजून काढलेली किंवा सुट्या अक्षरांची एन्ट्रॉपी तर त्याहून निरुपयोगी. क, त, ा, र यांचं प्रमाण मराठीत मराठीइतकंच असणार, लिहिणारा कुणीही असो.

## ५. दोन ढीग करा

म्हणून झिपला आधी वाचायला द्यायचं. एक ढीग माणसांचा, एक यंत्राचा, प्रत्येकी धुतलेली २०,००० अक्षरं. मग तोच निबंध एकदा या ढिगाच्या शेवटी जोडायचा, एकदा त्या, आणि दर वेळी फाइल किती बाइटनं वाढली ते बघायचं. ज्या ढिगानंतर कमी वाढली, त्या ढिगानं निबंधाची जास्त ओळख करून दिली होती. याच्या जवळची कल्पना वापरणारं ZipPy नावाचं साधन थिंक्स्ट या कंपनीनं २०२३ मध्ये खुलं केलं. ते इंग्रजीसाठी आहे, पण कल्पनेला भाषा नसते.

वीस हजारच का? ढीग आणि निबंध मिळून २२,००० होतात. ३२,७६८ च्या मर्यादेत बसतात. ढीग पन्नास हजारांचा केलात तर निबंधापर्यंत पोचेस्तोवर त्याची सुरुवात झिपच्या नजरेआड गेलेली असते, आणि ते तुम्हाला सांगत नाही. बिनबोभाट विसरतं.

ढीग रचताना तीन ठिकाणी लोक घसरतात.

विषय एकच ठेवा. माणसांच्या ढिगात "माझा आवडता सण" आणि यंत्राच्या ढिगात मुक्तिसंग्राम असं झालं, तर तपासायच्या प्रत्येक निबंधात "निजाम", "रझाकार", "स्वामी रामानंद तीर्थ" येणार आणि प्रत्येक मूल यंत्र ठरणार.

आकार अगदी सारखा ठेवा. मोठा ढीग नेहमी जास्त ओळख करून देतो.

यंत्राच्या ढिगात एकाच सूचनेची उत्तरं भरू नका. मुलं जसं मागतील तसं मागा: "नववीच्या विद्यार्थ्यासारखा निबंध", "साध्या भाषेत", "आजोबा सांगतात असं". एकाहून जास्त साधनांकडून घ्या आणि दरवर्षी ढीग नवा करा. साधनांची बोलण्याची लकब बदलत असते, मागच्या वर्षीचा ढीग यंदा बऱ्याच जणांना सोडून देतो.

## ६. मोजा

```python
def z(b):
    return len(zlib.compress(b, 9))

def vaadh(dhig, x):
    return z(dhig + x) - z(dhig)

def gun(nibandh, manus, yantra):
    x = ekbyte(saaf(nibandh)[:2000])
    return 8 * (vaadh(manus, x) - vaadh(yantra, x)) / len(x)
```

`manus` आणि `yantra` म्हणजे दोन ढीग, दोन्ही आधीच `ekbyte(saaf(...))[:20000]` करून ठेवलेले. उत्तर मिळतं ते दर अक्षरामागे बिटमध्ये. धन असेल तर निबंध यंत्राच्या ढिगाकडे झुकतो, ऋण असेल तर माणसांच्या.

हिशेब कसा चालतो ते दिसावं म्हणून गोल आकडे घेऊन मांडते, तुमच्या ढिगांवर वेगळेच येतील. समजा २,००० अक्षरांचा एक निबंध आहे. एकटा झिप केला तर १,०८० बाइट. माणसांच्या ढिगानंतर जोडला तर फाइल ८२० बाइटनं वाढते, यंत्राच्या ढिगानंतर ७६० नं. फरक ६० बाइट, म्हणजे ४८० बिट, भागिले २,०००: अक्षरामागे +०.२४. दुसरा निबंध, पेव आणि म्हशीचा, माणसांच्या ढिगानंतर ९१० नं वाढतो आणि यंत्राच्या ढिगानंतर ९२५ नं. तो आला -०.०६. बघा, हा दुसरा निबंध दोन्हीकडे जड गेला. त्यातली म्हैस कुठल्याच ढिगात नव्हती. जड जाणं ही माणसाची खूण असू शकते, पण अशुद्धलेखनानंही मजकूर तितकाच जड होतो. म्हणून गुण काढताना दोन ढिगांतला फरकच घेतला आहे, नुसता जडपणा नाही.

## ७. रेघ कुठं मारायची

ज्या गुणाच्या पुढे संशय घ्यायचा, ती रेघ शून्यावर मारू नका. खात्रीच्या माणसांच्या निबंधांतले काही मुद्दाम ढिगाबाहेर ठेवायचे, ते याचसाठी. त्यांना आधी गुण द्या. त्यांच्यातला जो सगळ्यात "यंत्रासारखा" निघेल त्याच्याही वर रेघ मारा. ढिगात असलेलाच निबंध तपासायला घेऊ नका. तो स्वतःलाच सापडतो, वाढ जवळपास शून्यावर येते आणि तुम्हाला वाटतं रीत फारच छान चालते. पहिल्या दिवशी आम्ही तासभर त्या आनंदात होतो.

बाजूला ठेवलेल्या वीस निबंधांपैकी एकही रेघेवर गेला नाही, म्हणून चूक शून्य असं समजू नका. संख्याशास्त्रात एक सोपा आडाखा आहे: n वेळा बघून एकदाही चूक दिसली नाही, तर खरं प्रमाण ३/n पर्यंत असू शकतं. वीस निबंध म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत. साठ म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत. दहाएक ढिगात जातात, म्हणून वर सत्तर म्हटलं होतं.

आणि ५ टक्केही कमी नव्हेत. ऐंशी निबंध आले, त्यांतले दहा यंत्राचे आहेत असं धरा. रेघ त्या दहांतले सहा पकडते आणि सत्तर प्रामाणिक मुलांतली तीन-चार चुकून ओढते. तुमच्या यादीत नऊ-दहा नावं, त्यांतलं साधारण प्रत्येक तिसरं निर्दोष. ही यादी सूचनाफलकावर लावायची आहे का, ते स्वतःला विचारा.

हा धोका फक्त झिपचा नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी परकी असलेल्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतले निबंध सात ओळखयंत्रांना दिले. त्यांतली बरीचशी आश्चर्य मोजण्याच्या आसपासच्याच तत्त्वावर चालतात. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले गेले. शब्द मोजके असले की माणूसही अपेक्षित लिहितो. आपल्याकडे घरी गोरमाटी किंवा दखनी बोलून शाळेत प्रमाण मराठी शिकणारी मुलं आहेत. त्यांच्याबाबत हेच होणार नाही असं कशावरून?

## ८. जुळलेले तुकडे डोळ्यांनी वाचा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी आहे, आणि बहुतेक जण आकडा हाती आला की इथवर येतच नाहीत. निबंध कुठल्या ढिगाशी *कशामुळे* जुळला, ते छापून बघा.

```python
def jule(x, dhig, n=15):
    i = 0
    while i <= len(x) - n:
        if x[i:i+n] in dhig:
            j = i + n
            while j < len(x) and x[i:j+1] in dhig:
                j += 1
            print(x[i:j])
            i = j
        else:
            i += 1
```

इथं `x` आणि `dhig` हे धुतलेले पण साधेच मजकूर द्या, एक-बाइट केलेले नव्हेत, म्हणजे वाचता येतील. पंधरा किंवा जास्त अक्षरांचे सामाईक तुकडे मिळतील.

तुकडे "सप्टेंबर 1948 रोजी", "स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली", "हैदराबाद संस्थान भारतात विलीन" असे असतील तर ती विषयाची भाषा आहे. पाठ्यपुस्तकात आहे, भाषणात आहे, दरवर्षी ध्वजारोहणाला माईकवर आहे. ती कुणाच्याही निबंधात येईल. असे तुकडे जास्त दिसले तर माणसांचा ढीग कमी पडतोय, त्यात आणखी निबंध बदलून घाला.

"हा लढा केवळ राजकीय स्वातंत्र्यासाठी नव्हता, तर" किंवा "महत्त्वपूर्ण भूमिका बजावली" असे तुकडे असतील तर त्यात माहिती काहीच नाही, फक्त वळण आहे. संशयाला जागा आहे ती इथं. तरी "आजच्या पिढीने यातून प्रेरणा घ्यावी" याच्यावरून कुणाला धरू नका. हे वाक्य माझ्या शाळेतही होतं, १९८४ साली, आणि तेव्हा ते बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं.

झिप मुळीच पकडणार नाही अशाही गोष्टी आहेत. यंत्राकडून घेऊन मुलानं हातानं शब्द बदलले, तर लांब तुकडे तुटतात आणि गुण खाली येतो. यंत्राला "गावाकडच्या बोलीत लिही" म्हटलं आणि तुमच्या ढिगात तसा नमुना नसेल, तर तोही सुटतो. हजार अक्षरांहून लहान मजकुरावर तर आकडा काढूच नका, दोन-चार तुकड्यांनी तो इकडचा तिकडे जातो. उलट दिशेनं फसवणारी गोष्ट म्हणजे बोलून टाईप करणं. मूल मोबाईलला निबंध सांगतं, मोबाईल नेहमीचे शब्द पकडतो, "पेव" चं "पेय" करतो, "शेणकाला" गाळून टाकतो. विचार मुलाचा, पण मजकूर गुळगुळीत होऊन येतो.

## ९. मग मुलाला बोलवा

रेघेच्या वर आलेल्यांशी दहा मिनिटं बोलायचं. "तू यंत्रानं लिहिलंस का" हा प्रश्न विचारायचाच नाही. निबंधातलंच एक वाक्य घ्या आणि म्हणा, "हे जरा सांग ना, हे कुठनं कळलं?"

मागच्या वर्षी सगळ्यात वर आलेला मुलगा दहावीतला होता, गुण बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे. आमच्यातले एक सर तर निकालच लावून बसले होते. मुलाला विचारलं, "केवळ राजकीय नव्हता, तर सामाजिक परिवर्तनाचाही होता, म्हणजे काय रे?" तो काही बोलेना. मग दप्तरातून निबंधांचं गाईड काढलं, पान उघडून पुढ्यात ठेवलं. वाक्य जसंच्या तसं तिथं. पुढची तीनही. गाईड २०१७ चं, मोठ्या बहिणीचं, कव्हर फाटलेलं.

ती नक्कल होती, तिचे गुण कापले. पण यंत्र नव्हतं. त्या गाईडातला निबंध टाईप करून आम्ही माणसांच्या ढिगात घातला, तेवढीच अक्षरं दुसऱ्या जुन्या निबंधातून काढली, आणि पुन्हा चालवलं. त्याचा गुण शून्याच्या खाली गेला. त्याच्यासोबत आणखी दोघं खाली उतरली, त्यांच्याही घरी तेच गाईड असणार. एक निबंध मात्र जागचा हलला नाही.

ढीग बदलला की आधीचे सगळे गुण बाद होतात आणि रेघही बाजूला ठेवलेल्या निबंधांवरून नव्यानं काढावी लागते. आम्ही ती काढत वाचनालयात रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो, आणि न हललेल्या निबंधाच्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बोलावलं होतं.